‘शोरूम कंडिशन’ लिहू नका

जुनी गाडी विकायला काढणारा माणूस फोटो मन लावून काढतो. गाडी धुतो, उन्हात उभी करतो, सीटवरून फडके फिरवतो. मग जाहिरातीचे शीर्षक मात्र अर्ध्या मिनिटात लिहून मोकळा होतो: ‘अर्जंट सेल!!! अ‍ॅक्टिव्हा, शोरूम कंडिशन, लेडीज यूज्ड, फक्त 18,000.’ त्याची गाडी खरोखर चांगली असेल, घाईही खरी असेल. पण हे शीर्षक वाचून समंजस गिऱ्हाईक पुढे सरकते, कारण फसवणारेही नेमके याच भाषेत लिहितात.

ती फसवणूक आता ओळखीची झाली आहे. गाडी झकास आणि किंमत बाजाराच्या निम्म्याने. विकणारा सांगतो की तो लष्करात किंवा निमलष्करी दलात आहे, बदली झाली आहे, गाडी तळाच्या आत आहे म्हणून दाखवता येत नाही. विश्वास बसावा म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग आधी टोकन, नंतर वाहतूक खर्च, मग ‘परत मिळणारी’ अनामत असे पैसे मागत राहतो. गाडी काही येत नाही. असे किस्से ऐकलेल्या माणसाला ‘अर्जंट’, ‘बदली’, ‘फक्त’ आणि उद्गारचिन्हांची रांग एकत्र दिसली की तो सावध होतो. म्हणून खऱ्या विक्रेत्याने एकच पथ्य पाळावे: शीर्षकातली प्रत्येक गोष्ट गिऱ्हाइकाला आरसी बुकावर किंवा गाडीपाशी उभे राहून तपासता आली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातली होंडा अ‍ॅक्टिव्हा 5जी विकायची आहे. डिसेंबर 2018 मध्ये कारखान्यातून निघालेली, जानेवारी 2019 मध्ये पासिंग झालेली. पहिलेच मालक, मीटरवर 31,400 किलोमीटर, डाव्या पॅनलवर ओरखडा, मागचा टायर नवा.

मॉडेल लिहिताना ‘अ‍ॅक्टिव्हा’ एवढेच पुरत नाही. 5जी बाजारात आली 2018 मध्ये आणि 6जी जानेवारी 2020 मध्ये, बीएस-6 इंजिन घेऊन. त्यामुळे ‘6जी, 2019’ असे कोणी लिहिले तर जाणकार तिथेच थांबतो. विक्रेत्याचा हेतू वाईट नसतो, त्याने आठवणीवर भिस्त ठेवलेली असते. मॉडेल आरसीवरून उतरवून घ्यावे. ऑनलाइन जाहिरात असेल तर मॉडेलचे नाव इंग्रजी अक्षरांत आणि सगळ्यात आधी द्यावे, कारण शोधणारे बहुतेक जण तसेच टाइप करतात आणि मोबाईलवरच्या यादीत शीर्षकाचा सुरुवातीचाच तुकडा दिसतो.

खरी गडबड सालात होते. आरसीवर दोन तारखा असतात, गाडी बनल्याचा महिना आणि नोंदणीची तारीख. आपल्या उदाहरणात त्या दोन वेगवेगळ्या वर्षांत पडतात. विक्रेता साहजिकच ‘2019’ लिहितो. गिऱ्हाईक आरसी पाहतो, त्याला उत्पादन 2018 चे दिसते आणि चुकले असो वा लपवले असो, सौदा बिघडतो. मग हजार-दोन हजार कमी करण्याची मागणी येते आणि ती वाजवीही वाटते. त्यापेक्षा ‘2018 मेक, जाने. 2019 पासिंग’ असे सरळ लिहावे. चार शब्द जास्त जातात, पण वाद मुळातच संपतो.

सगळ्यात अवघड भाग कंडिशनचा. ‘टॉप’, ‘एक नंबर’, ‘चिल्ड’ या शब्दांना आता काही वजन उरलेले नाही, कारण मोडकळीला आलेल्या गाडीलाही तेच लावतात. विशेषणाऐवजी पुरावा द्यावा: किती किलोमीटर, कितवा मालक, इंजिन उघडले आहे की नाही. आणि एक लहानसा दोष शीर्षकातच सांगून टाकावा. ‘डाव्या बाजूला ओरखडा’ हे वाचून गिऱ्हाईक पळत नाही. उलट हा माणूस गाडीकडे बघून लिहितोय, हे त्याला पटते. दोष मात्र खरोखर लहान असावा. इंजिनातून निळा धूर येत असेल तर तो ओरखड्याच्या आड लपवणे हीसुद्धा फसवणूकच.

किलोमीटरचा आकडा गोल करू नये. ‘31,400’ खरा वाटतो, ‘फक्त 9,000’ खटकतो. सात-आठ वर्षांच्या गाडीचे इतके कमी रनिंग अशक्य नाही, पण मीटर मागे फिरवता येतो हे सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक मग टायर बघतो. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘0319’ म्हणजे 2019 च्या तिसऱ्या आठवड्यात बनलेला. मीटर नऊ हजार दाखवतो आणि दोन्ही टायर 2022 चे, तर पहिले टायर इतक्या लवकर कसे झिजले, याचे उत्तर द्यावे लागते. रनिंग खरेच कमी असेल तर शीर्षकात ‘सर्व्हिस रेकॉर्डसह’ जोडावे आणि ते रेकॉर्ड हाताशी ठेवावे.

‘पेपर क्लिअर’ हे शब्दही जपून वापरावेत. 1 सप्टेंबर 2018 नंतर विकलेल्या नव्या दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. आपल्या अ‍ॅक्टिव्हाचा तो विमा जानेवारी 2024 मध्ये संपला. मधे नूतनीकरण केले नसेल तर पेपर क्लिअर नाहीत. कर्जाचा शेवटचा हप्ता फेडला, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा उतरवला नाही, तरीही नाहीत. आधी हे निस्तरावे, मग लिहावे.

किंमत ठरवताना आपल्याच शहरातल्या, त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आठ-दहा जाहिराती बघाव्यात. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची सोडून द्यावी. उरलेल्यांचा मध्य सापडतो, पण तो मागितलेल्या किमतीचा असतो. सौदा थोडा खालीच तुटतो. समजा हा मध्य 44,000 निघाला आणि आपल्याला 41,000 हवेत, तर 43,000 लिहावेत. 28,000 लिहून फोन लवकर येतील हा हिशोब फसतो. येतात ते एजंटांचे, आणि खरा घेणारा चोरीची गाडी समजून लांब राहतो. एक रुपया किंवा ‘किंमत फोनवर’ हेही तितकेच वाईट. ‘बसून बोलू’ शीर्षकात नको, घासाघीस होणार हे न लिहिताही कळते.

तर शीर्षक असे होईल: ‘होंडा अ‍ॅक्टिव्हा 5जी, 2018 मेक (जाने. 2019 पासिंग), पहिले मालक, 31,400 किमी, डाव्या बाजूला ओरखडा, ₹43,000.’ जागा कमी पडली तर ओरखडा खालच्या वर्णनात न्यावा, साल आणि किंमत हलवू नये. फोन नंबर शीर्षकात नको. गाडीचा पूर्ण नंबर, गाडी बघायला येतो म्हणणाऱ्याला द्यावा, म्हणजे तो सरकारी एमपरिवहन अ‍ॅपवर साल आणि विमा स्वतः तपासून येईल.

जाहिरात चांगली असली की एक निराळाच धोका येतो. भामटे तिचे फोटो आणि शीर्षक जसेच्या तसे उचलतात आणि फक्त किंमत निम्मी करतात. म्हणून गाडी विकली की जाहिरात त्याच दिवशी काढून टाका. आणि ‘टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी म्हणाले तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.