दोन वेळचे जेवण आणि साखरेची गोळी

परभणीकडच्या माणसाला उपवास शिकवावा लागत नाही. पण हल्ली मधुमेहावर, म्हणजे साखरेच्या आजारावर, उपाय म्हणूनही लोक जेवणे कमी करू लागले आहेत. शेजारच्या लातूरला असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा प्रसार केला. काही जण भाकरी कमी करून पाहतात.

याने गुण येतो का? पुष्कळांना येतो. ज्वारीच्या पिठात दहापैकी सात भाग पिष्ट असते. पोटात त्याची साखर होते. तीन भाकरींऐवजी एक भाकरी आणि जोडीला डाळ, भाजी, ताक घेतले, तर रक्तात साखर कमी चढते. वजन उतरले की यकृतातली चरबी घटते आणि शरीरातले इन्सुलिन नीट काम करू लागते. एकादशीचा साबुदाणा मात्र यात बसत नाही. तो सारा पिष्टच!

आता गोळीकडे पाहू. गोळीचे माप जुन्या जेवणावरून ठरलेले असते. जेवण बदलले की ते माप चुकते.

समजा, एक शेतकरी रोज सकाळी आठला न्याहारी करतो आणि ग्लिमेपिराइडची दोन मिलिग्रॅमची गोळी घेतो. सोबत मेटफॉर्मिनही घेतो. आता तो अकराला जेवू लागला. गोळी मात्र आठलाच. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती पाहत नाही. दहा वाजता शेतात त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर मोजली तर भरते ५८. सत्तरच्या खाली साखर गेली की धोका.

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. कमीच असेल तर पुन्हा साखर घ्यावी. बरे वाटताच जेवावे. या गोळीने साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक दवाखान्यात न्यावे.

डॉक्टर अशी गोळी निम्मी करतात किंवा बंद करतात. इन्सुलिनचेही माप कमी करतात. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार उतरत नाही, म्हणून ती बहुधा चालू राहते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. भाकरी फार कमी केली तर रक्तात आम्ल साठते, उलट्या होतात, धाप लागते. आणि साखर मोजावी तर ती फारशी वाढलेली नसते! वजन उतरले की रक्तदाबाची गोळीही जड होऊ शकते.

म्हणून आम्ही सांगतो, जेवण बदलण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट डॉक्टरांपुढे ठेवा. किती वाजता जेवणार, किती भाकरी खाणार, तेही सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल, तर हा प्रयोग मनाने करूच नका. आणि साखर उतरली म्हणून गोळी आपल्या मनाने सोडूही नका.