गाडी उघडते पटकन, ठेवायची कुठे?

स्टेशनपासून दारापर्यंत : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण शेअर रिक्षाच्या रांगेत उभे होतो. या वेळी त्याच रांगेच्या शेजारी, खांबाला टेकून उभ्या असलेल्या गाड्यांकडे वळू. मोबाइलने उघडायच्या, मिनिटांवर भाडं मोजायच्या आणि काम झालं की सोडून द्यायच्या अशा या सायकली आणि विजेवर चालणाऱ्या छोट्या स्कूटर. 2020 मध्ये एमएमआरडीएने वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या बीकेसीत, युलू कंपनीच्या अशा गाड्या आणल्या, तेव्हा बातम्यांमध्ये कौतुक होतं ते स्कॅन करताच उघडणाऱ्या कुलपाचं. ते साहजिकही होतं, कारण नवं तेवढंच दिसत होतं. पण ही सोय टिकते की कोसळते, हे कुलपावर ठरत नाही. ते ठरतं गाडी ठेवायच्या जागेवर. स्टेशनाबाहेर आणि ऑफिसाबाहेर हक्काची, खुणेची, रिकामी जागा असेल तर साधी किल्लीची सायकलही चालून जाते. ती नसेल तर कितीही हुशार कुलूप कामाला येत नाही.

कुलूप उघडतं कसं, हे एकदा नीट पाहिलं की हा मुद्दा सोपा होतो. हँडलवरच्या क्यूआर चौकोनात गुपित असं काही नसतं, फक्त त्या गाडीचा क्रमांक असतो. तो आपला फोन कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. सर्व्हर पाहतो की खात्यात पैसे आहेत का, ही गाडी दुसऱ्या कोणाच्या नावावर चालू तर नाही ना, बॅटरी पुरेशी आहे का. मग ‘उघड’ हा निरोप एक तर गाडीत बसवलेल्या सिमकार्डामार्फत जातो, नाहीतर आपल्याच फोनच्या ब्लूटूथवरून. म्हणूनच असे अ‍ॅप ब्लूटूथ चालू करायला सांगतात; गर्दीत मोबाइलचं नेटवर्क रडतखडत चालतं, पण हातभर अंतरावरच्या कुलपाशी फोन थेट बोलू शकतो. सायकलीच्या मागच्या चाकाभोवती नालासारखं कुलूप असतं, त्याचा दांडा आतली छोटी मोटर मागे ओढते. विजेच्या गाडीत मुख्यतः मोटरचाच प्रवाह सोडला किंवा तोडला जातो. हा सगळा प्रकार काही सेकंदांत उरकतो आणि बहुतेक वेळा बिनबोभाट उरकतो. उघडण्याचा प्रश्न सुटलेला आहे, असं मानायला हरकत नाही.

बंद करणं मात्र वेगळी गोष्ट आहे. कुलूप लावणं आणि फेरी संपणं या दोन घटना आहेत, एक नव्हे. सायकलीचा दांडा हाताने खाली ओढला, ‘खट्’ झालं, तरी ते सर्व्हरला पोहोचून अ‍ॅपवर फेरी संपल्याची नोंद दिसेपर्यंत मीटर चालूच असतो. शिवाय गाडी नेमलेल्या जागेत आहे की नाही हे सर्व्हर उपग्रहावरून मिळणाऱ्या ठिकाणावरून ठरवतो, आणि इथेच खरी गोची होते. मोकळ्या मैदानात हे ठिकाण चार-पाच मीटरच्या आत बरोबर येतं. बीकेसीसारख्या काचेच्या उंच इमारतींमध्ये तोच संदेश भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने गाडीपर्यंत येतो. त्याला लागलेल्या जादा वेळाचा अर्थ यंत्र जादा अंतर असा लावतं आणि गाडी पलीकडच्या फुटपाथवर उभी असल्याचं दाखवतं. माणूस रंगवलेल्या पट्ट्यांच्या आत उभा असतो आणि फोन म्हणतो, ‘तुम्ही पार्किंगबाहेर आहात.’

याची किंमत रुपयांत मांडून पाहू. समजा, गाडी उघडायचे 5 रुपये आणि पुढे मिनिटाला दीड रुपया असा दर आहे. वांद्रे पूर्वेहून तीन किलोमीटरवरच्या ऑफिसला जायचं आहे. या गाड्यांचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या वर जात नाही. मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग या मर्यादेत, म्हणून तर त्यांना नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. सिग्नल धरून ताशी 15 चा वेग पडला तर 12 मिनिटं लागतात. म्हणजे 5 अधिक 18, एकूण 23 रुपये. आता ऑफिसाजवळची जागा भरलेली निघाली, पुढची शोधली, तिथे फोनने दोनदा नकार दिला आणि यात 8 मिनिटं गेली, तर आणखी 12 रुपये. भाडं निम्म्याहून जास्त वाढलं, शिवाय पुढच्या जागेपासून मागे चालत यावं लागलं ते वेगळंच. शेवटच्या टप्प्याची गाडी माणूस घेतो ती मुळात वेळेची खात्री हवी म्हणून. ती खात्री एकदा गेली की तो परत रिक्षाच्या रांगेत दिसतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

जागेचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो, आणि तो कोणत्याही अ‍ॅपने सुटणारा नाही. सकाळी सगळे एकाच दिशेने जातात. दर चार मिनिटांनी एक लोकल धरली आणि प्रत्येक लोकलमधून फक्त पाच जणांनी गाडी घेतली, तरी तासाभरात 75 गाड्या स्टेशनाबाहेरून निघून जातात. उलट दिशेने त्या वेळी कोण येणार? म्हणजे साडेदहाला स्टेशनाजवळ एकही गाडी नाही आणि बीकेसीत ठेवायला जागा नाही. संध्याकाळी बरोबर उलटं. गाड्या टेम्पोत घालून परत आणता येतात, पण ज्या वेळी त्या आणायला हव्यात त्याच वेळी टेम्पो गर्दीत अडकतो, आणि प्रत्येक खेपेचा खर्च शेवटी भाड्यातच चढतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ठरावीक जागेचा आग्रहच सोडा. हवी तिथे घ्या, हवी तिथे ठेवा. दारापर्यंत जायचं म्हणजे दारातच सोडता आली पाहिजे. आक्षेपात तथ्य आहे. स्टँड दोनशे मीटर लांब असेल तर तेवढं चालावं लागतं आणि शेवटच्या टप्प्याला पुन्हा एक शेपूट फुटतं. पण हा प्रयोग झालेला आहे. पुण्यात 2017 च्या डिसेंबरात विद्यापीठ आणि औंध परिसरात अशा सायकली आल्या, पुढच्या वर्षी आणखी कंपन्या उतरल्या, आणि मग सायकली सोसायटीच्या आवारात, नाल्याकाठी, मोडलेल्या सीटसह सापडू लागल्या. एकेक कंपनी काढता पाय घेती झाली. त्या वेळी पुणेकरांच्या वळणाला दोष देण्याची हौस बऱ्याच जणांनी भागवून घेतली. पण पॅरिसमध्ये काही वेगळं घडलं नाही. तिथे 2018 मध्ये उभ्याने चालवायच्या भाड्याच्या ई-स्कूटर आल्या, आपल्या बसायच्या स्कूटरपेक्षा अगदी वेगळ्या, फळीला दांडा लावल्यासारख्या. त्या फुटपाथवर आडव्या पडू लागल्या. पुढे शहराने जागा आखून दिल्या, कंपन्यांची संख्या तीनवर आणि गाड्यांची पंधरा हजारांवर आणली, तरी लोकांचा राग गेला नाही. 2 एप्रिल 2023 ला मतदान घेतलं, तेव्हा सुमारे 89 टक्के मतं विरोधात पडली. मतदानाला आले जेमतेम साडेसात टक्के लोक, हेही सांगायला हवं. त्यावरून सगळं पॅरिस चिडलं होतं असं म्हणता येत नाही. तरी त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून तिथल्या भाड्याच्या स्कूटर गेल्या. हवी तिथे ठेवायची मुभा म्हणजे ज्याला त्या जागेवरून चालायचं आहे त्याच्या खर्चाने दिलेली मुभा असते. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला किंवा पांढऱ्या काठीने वाट काढणाऱ्याला तो खर्च लगेच कळतो. आणि जागा उशिरा आखून दिली, तर तोवर गेलेली पत परत येत नाही.

आता उलटं उदाहरण. नेदरलँड्समध्ये 2003 पासून ‘ओव्ही-फीट्स’ नावाची निळी-पिवळी सायकल रेल्वे स्टेशनांवर मिळते. 2008 पासून ती तिथली रेल्वे कंपनीच चालवते. तिचं भाडं मिनिटांवर नाही, चोवीस तासांवर आहे. सकाळी उतरायच्या स्टेशनावर ती घ्यायची, दिवसभर आपल्याजवळ ठेवायची आणि संध्याकाळी त्याच स्टेशनावर परत करायची. दुसरीकडे सोडली तर जादा आकार पडतो. ऐकताना ही पद्धत मागासलेली वाटते, कारण सायकल दिवसभर ऑफिसाबाहेर नुसती उभी राहते. पण त्यामुळे दोन गोष्टी साधतात. संध्याकाळी परतीची गाडी मिळेल का ही धाकधूक राहत नाही, आणि टेम्पो जवळपास लागतच नाही, कारण ज्याने सायकल नेली तोच ती परत आणतो. परत करण्याची जागा स्टेशनातच ठरलेली असल्यामुळे तिथे उपग्रहाला विचारण्याचं कारण उरत नाही. 2019 मध्ये या सायकलींच्या पन्नास लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या.

तिथे वाटेवर सायकलींसाठी रस्ते आहेत आणि ऑफिसबाहेर स्टँड आहेत, आपल्याकडे जागाच नाही, हा दुसरा आक्षेप. पहिला भाग खरा आहे. ती पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही, आणि विजेची महागडी गाडी आठ तास उभी ठेवणं कंपनीला परवडणारंही नाही. दुसरा भाग मात्र तपासून पाहावा लागतो. एक मोटार जेवढी जागा अडवते, तेवढ्यात आठ-दहा सायकली बसतात. म्हणजे मघाच्या हिशोबातल्या 75 गाड्यांना आठ-दहा मोटारींची जागा पुरते, आणि बीकेसीत मोटारींना किती जागा दिली आहे ते तिथे एक फेरी मारली की दिसतं. जागा असते, ती कोणाची, यावर घोडं अडतं. वांद्रे पूर्वेला स्टेशनाची हद्द रेल्वेची, बाहेरचा रस्ता महापालिकेचा आणि संकुल एमएमआरडीएचं. तीन किलोमीटरच्या फेरीत तीन मालक लागतात. कंपनी स्टँड उभे करते ते ज्या मालकाने परवानगी दिली त्याच्या हद्दीत, आणि प्रवाशाला जिना उतरताच गाडी हवी असताना ती रस्ता ओलांडून, फेरीवाल्यांच्या मागे सापडते.

ऑक्टोबर 2024 मध्ये मेट्रो 3 बीकेसीपर्यंत आली, त्यामुळे काहींचा टप्पा तीन किलोमीटरवरून एकावर आला आहे. तेवढ्यासाठी गाडीपेक्षा पाय बरे. बाकीच्यांनी एवढंच करावं : गाडी उघडण्याआधी अ‍ॅपच्या नकाशात स्टेशनाजवळची गाडी नव्हे, ऑफिसाजवळची पार्किंगची जागा पाहावी. ब्रेक, टायर आणि बॅटरीचा आकडा उघडण्यापूर्वीच बघून घ्यावा, कारण मीटर त्यानंतर सुरू होतो. आणि उतरल्यावर फोन ‘पार्किंगबाहेर’ म्हणाला तर गाडी इमारतीच्या कडेपासून थोडी मोकळ्या आभाळाखाली घेऊन मिनिटभर थांबावं. तरीही ऐकलं नाही, तर रंगवलेले पट्टे आणि गाडीचा क्रमांक एकाच फोटोत येतील असा फोटो काढून तक्रारीला जोडावा. फेरी संपल्याची पावती अ‍ॅपवर दिसल्याशिवाय गाडीपासून हलू नये.