बदलाचे पाच हजार, पण भरायचे चौदा

शेजारच्या काका-काकूंना लेकीकडे लंडनला जायचं होतं. व्हिसा अजून हातात नव्हता, पण स्वस्त तिकीट निसटून जाईल या धास्तीने काका मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. स्क्रीनवर एकाच विमानाचे दोन दर होते. साधं तिकीट माणशी 37 हजार, ‘फ्लेक्सी’ 43 हजार. ‘‘सीट तीच, जेवण तेच. मग सहा हजार कशाचे?’’ काकांचा प्रश्न रास्त होता.

ते सहा हजार कशाचे, हे दराखालच्या बारीक अक्षरातल्या दुव्यात असतं. तिथे ‘फेअर रूल्स’ किंवा तत्सम काही लिहिलेलं असतं. आम्ही साध्या तिकिटाचे नियम उघडले. त्यातला कामाचा भाग एवढाच:

```
CHANGES
  BEFORE DEPARTURE
    CHARGE INR 5000 FOR REISSUE.
    NOT PERMITTED IN CASE OF NO-SHOW.
CANCELLATIONS
  ANY TIME
    TICKET IS NON-REFUNDABLE.
```

काकांची नजर 5000 वर थांबली. ‘‘म्हणजे व्हिसा लांबला तर पाच हजारांत तारीख बदलून मिळेल!’’ बहुतेक जण इथेच फसतात. ते पाच हजार तिकीट नव्याने काढून देण्याचं शुल्क आहे. नव्या तारखेच्या भाड्यातला फरक त्यावर वेगळा द्यावा लागतो.

हा फरक येतो तिकिटावरच्या एका अक्षरातून. इकॉनॉमीच्या सगळ्या सीट दिसायला सारख्या असल्या, तरी कंपनी त्यांचे दर वेगवेगळ्या गटांत वाटते आणि प्रत्येक गटाला एक अक्षर देते. Y म्हणजे सहसा इकॉनॉमीचं पूर्ण भाडं. बाकी अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. काकांचं तिकीट Q मधलं होतं. समजा, नव्या तारखेला Q मधल्या सीट संपल्या आणि फक्त महागड्या M मधल्या उरल्या. मूळ भाडं 30 हजार (वरचे सात हजार करांचे), नवं भाडं 39 हजार. मग फरकाचे नऊ आणि शुल्काचे पाच, असे माणशी 14 हजार भरावे लागतील. (याच गटांमुळे चौघांचं तिकीट एकदम शोधलं की कधीकधी सगळ्यांनाच महाग दिसतं. स्वस्त गटात तीनच सीट उरलेल्या असतात आणि यंत्रणा चौघांनाही वरच्या गटात ढकलते. अशा वेळी एकेकट्याचा दर पाहून घ्यावा.)

आता फ्लेक्सी. त्याच्या नियमात बदलाचं शुल्क शून्य होतं, पण भाड्यातला फरक तिथेही माफ नव्हता. म्हणजे तारीख बदलली तर सहा हजार जास्तीचे आणि नऊ हजार फरकाचे, एकूण 15 हजार. साध्या तिकिटापेक्षा हजाराने महागच! नुसती तारीख पुढे ढकलायची शक्यता असेल, तर हे फ्लेक्सी घेण्यात अर्थ नव्हता.

व्हिसा नाकारलाच गेला तर मात्र हिशेब उलटतो. साध्या तिकिटाचे 30 हजार बुडतात. फ्लेक्सीत रद्द करण्याचं शुल्क 10 हजार होतं. म्हणजे 36 हजार भाड्यातले 26 हजार आणि वर कर परत. ‘रिफंडेबल’चा अर्थ ‘सगळे पैसे परत’ असा क्वचितच असतो. किती कापून परत, हे CANCELLATIONS खालीच कळतं.

आणि नॉन-रिफंडेबल तिकिटाचेही सगळेच पैसे जात नाहीत. डीजीसीएच्या नियमांनुसार भारतीय विमान कंपन्यांना सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क परत करावं लागतं, मूळ भाडं बुडालं असलं तरी. रद्द करण्याचं शुल्कही मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त आकारता येत नाही. परदेशी कंपन्यांना मात्र त्यांच्या मायदेशाचे नियम लागू होतात. अर्ज न करता हे पैसे आपोआप येतीलच असं नाही, मागावे लागतात.

त्या नियमातला सर्वांत महाग शब्द NO-SHOW. न कळवता विमानाला न जाणं. तारीख हुकणार हे आदल्या रात्री जरी कळलं, तरी तेव्हाच तिकीट बदलून किंवा रद्द करून टाकावं. विमान उडून गेलं की बदलाची वाटही बंद, आणि जाण्याची फेरी चुकवली की परतीची फेरी सहसा आपोआप रद्द होते. नियमात ‘उड्डाणाच्या इतके तास आधी’ अशी मुदत दिली असेल, तर ती तिकीट काढतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवलेली बरी.

काका थोडा वेळ गप्प बसले. ‘‘तारीख पुढे जाण्याची भीती नाही हो मला. व्हिसाच नाही मिळाला तर?’’ मग त्यांनी माणशी सहा हजार जास्तीचे भरले आणि नियमांच्या पानाचा स्क्रीनशॉट लेकीला पाठवला.