व्हॉल्व्ह बंद, तरी काटा खाली

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीइतकाच महत्त्वाचा असतो तो कोपऱ्यात घरघरणारा कॉम्प्रेसर. वाळू दाबणारे मोल्डिंग मशिन, कोअर शूटर, कास्टिंगची धार काढणारा हातातला ग्राइंडर, जॉब साफ करणारी ब्लो गन, ही सगळी मंडळी हवेवर चालतात. कॉम्प्रेसरपासून निघालेली लाइन शेडभर फिरते आणि तिच्यावर कुठे कुठे हवेची टाकी, म्हणजे एअर रिसीव्हर, उभी असते.

अशी टाकी दुरुस्तीसाठी रिकामी करून पुन्हा झटपट भरली की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. काटा ७ बारवर येतो, व्हॉल्व्ह बंद होतो आणि मग काटा हळूच खाली सरकू लागतो. संशय अर्थातच गळतीवर जातो. साबणाचे पाणी आणून सगळे जोड तपासले जातात. एकही फुगा येत नाही. कारण गळती नसतेच. टाकीतली हवा भरताना तापलेली असते आणि आता ती निवत असते.

पण ती तापली कशाने? लाइनमधली हवा खोलीच्याच तापमानाला होती. टाकीखाली कुणी जाळ लावला नव्हता. व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडातून जाताना ती घासून तापली असावी, असे उत्तर बऱ्याचदा मिळते. पण नुसत्या अरुंद तोंडातून दाब उतरला तर हवेचे तापमान जवळपास बदलत नाही, उलट किंचित कमीच होते. खरे कारण व्हॉल्व्हच्या अलीकडे, लाइनमध्ये आहे.

गच्च भरलेल्या एसटीत शेवटचा माणूस आत शिरतो तो मागच्यांच्या रेट्याने. टाकीत शिरणाऱ्या हवेचेही तसेच. तिच्या मागे लाइनमधली हवा असते आणि ती पुढच्या हवेला ढकलत असते. या ढकलण्याला काम पडते आणि त्याचा हिशेब मांडता येतो. २७ अंश सेल्सिअसच्या १ किलो हवेला ८ बार दाबाखाली सुमारे १०८ लिटर जागा लागते. एवढी जागा एवढ्या दाबाने आत लोटायला ८६ किलोज्यूल काम करावे लागते. दाब निम्मा, म्हणजे ४ बार, असेल तर तीच हवा दुप्पट जागा व्यापते. म्हणून कामाचा आकडा ८६ च राहतो.

हवा लाइनमधून वाहत असते तोवर हे काम एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने पुढे द्यायचे, असा व्यवहार चालू असतो. टाकीत मात्र पुढे वाट नाही. भिंती पोलादी आहेत, त्या हलत नाहीत, म्हणजे काम पुढे कुणाला देता येत नाही. मग ते ८६ किलोज्यूल हवेतच उष्णता म्हणून मुरतात. बंद टाकीतली १ किलो हवा १ अंशाने तापवायला सुमारे ०.७२ किलोज्यूल पुरतात. भागाकार केला की १२० अंश येतात. टाकी आधी पूर्ण निर्वात असेल आणि बाहेर उष्णता अजिबात जाऊ देत नसेल, तर २७ अंशांच्या लाइनमधून भरलेली हवा आत १४७ अंशांवर पोचते. लाइनचा दाब कितीही असो, आकडा हाच.

मोल्डिंग मशिनच्या सिलिंडरमध्ये हीच हवा शिरते तेव्हा ती अशी तापत नाही. तिथला पिस्टन हलतो आणि मागून मिळालेले काम घेऊन वाळू दाबायला लावतो. हवा तीच आणि लाइनही तीच. फरक फक्त भिंत हलते की नाही, एवढाच.

कारखान्यातली टाकी निर्वात नसते. रिकामी म्हटली तरी तिच्यात वातावरणाची १ बार हवा असतेच. गेजवरचे ७ बार म्हणजे वातावरणाचा दाब धरून ८ बार. आधीच्या हवेला ढकलण्याचे काम मिळालेले नसते, ती नव्या हवेत मिसळून सरासरी थोडी खाली आणते. हिशेब केला तर अखेरचे तापमान १२७ अंश, म्हणजे केल्विनमध्ये ४०० येते. व्हॉल्व्ह बंद करून ही टाकी पुन्हा २७ अंशांवर, म्हणजे ३०० केल्विनवर येऊ दिली, तर दाब त्याच प्रमाणात उतरतो आणि ८ चे ६ बार होतात. गेजवर ७ चे ५! हवेचा एक कणही बाहेर गेलेला नसतो. भरताना ७ दिसले तेव्हा टाकी भरली असे वाटले, पण थंड टाकीत मावली असती त्याच्या तीन चतुर्थांशच हवा आत गेली होती.

प्रत्यक्षात काटा एवढा कोसळत नाही, कारण शेडमधल्या टाकीला उष्णतारोधक वेष्टण नसते. ५०० लिटरच्या टाकीत या दाबाला साडेतीन किलोच्या आसपास हवा बसते. तिच्यात जास्तीची उष्णता सुमारे २५० किलोज्यूल. टाकीचे पोलाद दीडशे किलो धरले, तर ती सगळी उष्णता पिऊनही ते ३-४ अंशच तापते. म्हणून टाकीला हात लावून काही कळत नाही, आणि म्हणूनच काट्याचे उतरणे गूढ वाटते. जितके हळू भरावे, तितकी जास्त उष्णता भरता भरताच पोलादात जाते आणि नंतरची घट लहान राहते.

कास्टिंगची गळती तपासणाऱ्या यंत्रावर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. जॉबची तोंडे बंद करून आत हवा भरतात आणि दाब उतरतो का ते पाहतात. आत एकूण ३ बार दाब असताना हवा फक्त १ अंशाने निवली, तर दाब १,००० पास्कलने घटतो. चांगले यंत्र एकेक पास्कल टिपते, म्हणजे चांगला जॉबही गळका ठरायला वेळ लागत नाही. त्यासाठी भरणे आणि मोजणे यांच्यामध्ये स्थिरावण्याचा वेळ ठेवलेला असतो. उत्पादन वाढवण्यासाठी कुणी तो छाटला की रिजेक्शन वाढते. वॉशिंग मशिनमधून गरम निघालेला जॉब लगेच लावला तर उलटे होते: तो आतल्या हवेला तापवतो, दाब वाढवतो आणि खरी गळती झाकतो.

ऑक्सिजनचे सिलिंडर भरणारे कामगार मात्र ही उष्णता कामाला लावतात. तिथे दाब १५० बारच्या घरात जातो, त्यामुळे पोलादही हाताला कोमट लागण्याइतके तापते. एका मॅनिफोल्डवर अनेक सिलिंडर भरत असताना कामगार प्रत्येकावर हात फिरवतो. बाकीचे कोमट आणि एकच गार असेल, तर त्यात गॅस जात नाही, त्याचा व्हॉल्व्ह अडकला आहे, हे लगेच समजते. भरण्याचा अखेरचा दाबही तापमान पाहूनच ठरवतात, नाहीतर निवल्यावर सिलिंडर कमी भरलेला निघतो.

तेव्हा टाकी भरल्यावर काटा उतरला, तर पाना हातात घेण्याआधी घड्याळ पाहावे आणि ठरावीक अंतराने दाब लिहून ठेवावा. निवण्यामुळे होणारी घट सुरुवातीला जास्त असते, मग मंदावते आणि थांबते. गळतीची घट थांबत नाही. काटा एका जागी स्थिरावला नाही, तरच साबणाचे पाणी काढावे.