पाडव्यापर्यंत म्हणजे नक्की कधीपर्यंत?

सणासुदीला दुकानाच्या काउंटरवर एक वाद हमखास होतो, आणि तो किमतीवरून नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘बाहेर पाडव्यापर्यंत लिहिलंय, आज पाडवाच आहे.’ काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘काका, ऑफर काल रात्री संपली. पाडव्यापर्यंत म्हणजे पाडवा सुरू होईपर्यंत.’ दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. चूक असते ती फ्लेक्सवरच्या त्या एका ओळीची. ती लिहिताना सणाचं नाव पुरेसं आहे असं कोणीतरी गृहीत धरलं होतं.

सणाचं नाव गिऱ्हाइकाला दुकानात आणायला उत्तम. दिवाळी म्हटलं की मन खरेदीला तयार होतं, ते ‘६ ते १० नोव्हेंबर’ने होत नाही. पण मुदत सांगायचं काम त्या नावावर सोपवलं की घोटाळा होतो. असं का होतं हे कळायला पंचांगात थोडं डोकवावं लागतं.

आपले बहुतेक सण चांद्रमासांवर चालतात. बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. ही ओढ साठत गेली की अधिक महिना येतो आणि सण एकदम पुढे जातो. लक्ष्मीपूजनाच्याच तारखा पाहा. २०२३ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. या तिन्हींवरून कोणी ‘अकरा दिवस वजा करा’ असा हिशेब बसवला, तर २०२६ ची दिवाळी १० ऑक्टोबरला येईल. प्रत्यक्षात त्या वर्षी मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, आणि १० ऑक्टोबरला आहे सर्वपित्री अमावास्या! मागच्या वर्षीच्या जाहिरातीवरून अंदाजाने तारीख टाकणारा माणूस दिवाळीची सवलत थेट पितृपक्षात नेऊन ठेवेल. म्हणून जुन्या फाइलवर तारीख ‘दुरुस्त’ करण्याची सवय मोडायला हवी. तारखेची ओळ दरवर्षी पुसून, कॅलेंडर समोर ठेवून नव्याने लिहावी.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. तिथी मध्यरात्री बदलत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. त्याला कधी एकोणीस-वीस तास लागतात, तर कधी सव्वीस. त्यामुळे तिथी दिवसाच्या कोणत्याही वेळी लागते आणि कोणत्याही वेळी संपते, आणि सण नेमका कोणत्या दिवशी धरायचा हे ठरवायला शास्त्राचे नियम लावावे लागतात. त्या नियमांच्या अर्थाबद्दल पंचांगकर्त्यांमध्ये मतभेद होऊ शकतात. २०२५ च्या दिवाळीत ते सगळ्यांनी पाहिलं. आश्विन अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ ला संध्याकाळी सहाच्या आत संपली. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन २१ ला दिलं, राज्य सरकारची सुट्टीही २१ लाच होती. उत्तरेत मात्र बहुतेकांनी २० ला दिवाळी केली. आता समजा, पुण्यातल्या एका दुकानाची इंदूरला शाखा आहे आणि दोन्हीकडे एकच मजकूर गेला, ‘लक्ष्मीपूजनाच्या दिवशी प्रत्येक खरेदीवर चांदीचं नाणं’. इंदूरचं गिऱ्हाईक २० तारखेला येणार आणि नाणी पुण्याच्या हिशेबाने २१ ला वाटायला ठेवलेली असणार. एखाद्या मराठी घरातसुद्धा भिंतीवरचं कॅलेंडर एक तारीख सांगतं आणि मोबाइलमधलं दुसरी.

अशा वर्षी वादात पडायचं कारण नाही. दुकानाने कोणतं पंचांग खरं हे ठरवू नये, कोणत्या दिवशी नाणं मिळेल एवढंच ठरवावं. ‘सोमवार, २० आणि मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५, दोन्ही दिवशी’ असं लिहिलं की ज्याची दिवाळी ज्या दिवशी असेल त्या दिवशी तो येईल. दोन दिवसांची नाणी परवडत नसतील तर एकच तारीख ठळक द्यावी आणि सणाचं नाव बारीक करावं.

तिसरा घोटाळा सणांमधल्या अंतराचा. २०२५ मध्ये २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा, २३ ला भाऊबीज असे ओळीने तीन दिवस आले. २०२६ मध्ये ८ ला लक्ष्मीपूजन आहे, पण पाडवा १० ला आणि भाऊबीज ११ ला. मधला ९ तारखेचा दिवस मोकळा. ‘लक्ष्मीपूजन ते भाऊबीज’ अशी सवलत त्यामुळे एका वर्षी तीन दिवसांची आणि दुसऱ्या वर्षी चार दिवसांची होते. मालकाने मालाचा साठा तीन दिवसांचा धरला असेल तर चौथ्या दिवशी फ्रिज संपलेले असतात आणि बाहेर फ्लेक्स तसाच लटकत असतो. ‘दिवाळीभर’ हा शब्द तर याहून सैल. कोणाची दिवाळी वसुबारसेला सुरू होते, कोणाची धनत्रयोदशीला, आणि काही घरांत ती तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. ‘पाडवा’ एवढंच लिहिलेला संदेश मोबाइलवर फिरत राहिला तर मार्चमध्ये तो गुढीपाडव्याचाही वाटू शकतो.

आता एक मजकूर घेऊन तो दुरुस्त करून पाहू. घरगुती उपकरणांच्या दुकानाने लिहिलं आहे: ‘दिवाळी धमाका! पाडव्यापर्यंत सर्व फ्रिजवर १० टक्के सूट.’ वाचणाऱ्याला यातून चार गोष्टी कळत नाहीत. सूट सुरू कधी होणार, पाडव्याचा दिवस धरायचा की नाही, किती वाजेपर्यंत, आणि त्या वेळेपर्यंत नेमकं काय केलेलं असायला हवं. या चारांची उत्तरं भरली की मजकूर असा होतो:

‘दिवाळी सवलत: सर्व फ्रिजवर १० टक्के सूट. शुक्रवार, ६ नोव्हेंबर २०२६ (धनत्रयोदशी) ते मंगळवार, १० नोव्हेंबर २०२६ (दिवाळी पाडवा). दोन्ही दिवस धरून, रोज रात्री ९ वाजेपर्यंत. या मुदतीत पूर्ण रक्कम भरलेल्यांनाच सूट. डिलिव्हरी नंतर घेता येईल.’

लांबला खरा, पण यातला प्रत्येक शब्द काउंटरवरचं एकेक भांडण वाचवतो. वार लिहायचा तो गंमत म्हणून नव्हे. वार आणि तारीख जुळत नसेल तर मजकूर तपासणाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येतं, आणि नुसता आकडा चुकला असेल तर येत नाही. साल लिहायचं कारण मोबाइल. गेल्या वर्षीचं चित्र कोणीतरी पुन्हा पुढे पाठवतं, त्यावर फक्त ‘२२ ऑक्टोबरपर्यंत’ असतं, आणि गिऱ्हाईक तेच दाखवत दुकानात उभं राहतं. साल असेल तर तो प्रश्न दारातच मिटतो. ऑनलाइन विक्री असेल तर ‘१० तारखेला रात्री १२ वाजेपर्यंत’ असं कधीच लिहू नये, कारण ते १२ कोणत्या दिवसाचे हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. ‘१० तारखेला रात्री ११:५९ पर्यंत’ असं लिहावं.

रक्कम कधी भरायची आणि वस्तू कधी न्यायची, हा फरक गाड्यांच्या खरेदीत सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. पाडव्याला गाडी दारात यावी म्हणून माणूस आठ-पंधरा दिवस आधी बुकिंग करतो. सवलत ‘६ ते १० नोव्हेंबर’ असेल तर त्याचं ऑक्टोबरच्या शेवटचं बुकिंग बसतं की नाही? ‘या मुदतीत डिलिव्हरी घेतलेल्या गाड्यांना, बुकिंग आधीचं असलं तरी’ एवढे शब्द घातले की तो निर्धास्त होतो. ते नसतील तर तो बुकिंगच लांबवतो, आणि मग पाडव्याला गाडी मिळत नाही.

लांब पल्ल्याच्या वचनांत चांद्र वर्षाचा फटका जास्त बसतो, आणि तिथे तो कोणाच्या लक्षातही येत नाही. वॉटर प्युरिफायरवर ‘पुढच्या दिवाळीपर्यंत मोफत सर्व्हिसिंग’ असं लिहिलं. २०२४ च्या लक्ष्मीपूजनाला ज्याने तो घेतला त्याला ३५४ दिवस मिळाले. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाला ज्याने घेतला त्याला ३८३ मिळतात. वचन तेच, किंमत तीच, आणि जवळजवळ एक महिन्याचा फरक. सराफांच्या मासिक हप्त्यांच्या योजनांत तर यात कायदाही येतो. अशा योजना बहुधा अकरा महिन्यांच्या असतात, कारण कंपन्यांसाठीच्या ठेवींच्या नियमांनुसार मालापोटी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांत मालात वळता झाला नाही तर तो ठेव ठरू शकतो. गुढीपाडवा २०२६ मध्ये १९ मार्चला आणि २०२७ मध्ये ७ एप्रिलला. ‘पाडवा ते पाडवा’ अशी योजना लिहिली तर ती ३८४ दिवसांची होते. म्हणून जिथे मुदत महिन्यांच्या घरात जाते तिथे सणाचं नाव मजकुरातून काढूनच टाकावं आणि ‘खरेदीच्या तारखेपासून १२ महिने’ असं लिहावं.

श्रावणाची गोष्ट वेगळी आहे. तिथे तारीख एखाददुसऱ्या दिवसाने नाही, पंधरा दिवसांनी चुकते. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. २०२५ मध्ये उत्तरेतला श्रावण ११ जुलैला लागला आणि महाराष्ट्रातला २५ जुलैला. उपवासाच्या पदार्थांवर ‘श्रावणभर सूट’ असं लिहिलं तर मुंबईसारख्या शहरात, एकाच इमारतीत, दोन शेजाऱ्यांसाठी ती दोन वेगळ्या दिवशी सुरू होते.

ईदचं सणाबरोबर सरकणं याहूनही निराळं. त्या गणनेत अधिक महिना नाही, त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरते, आणि नेमका दिवस चंद्रदर्शनावर आदल्या संध्याकाळी ठरतो. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ ला ईद, पण ३१ हे नक्की झालं ते पाडव्याच्या संध्याकाळी. छापखान्यात मजकूर त्याच्या कितीतरी आधी जातो. तेव्हा दोन्ही शक्य दिवस पोटात घेणारी ठाम तारीख द्यावी: ‘ईद सवलत मंगळवार, १ एप्रिल २०२५ पर्यंत, तो दिवस धरून’. ईद १ एप्रिलला झाली असती तरी ते वाक्य खरंच राहिलं असतं.

काही दुकानदार तारखा खाली कोपऱ्यात, तारांकनाजवळ, बारीक इंग्रजीत टाकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली, त्यांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असावा लागतो आणि दाव्यातली महत्त्वाची गोष्ट त्याने झाकता येत नाही. मराठी मथळ्याखाली मराठीतच तारीख द्यायला हवी, आणि ती रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल एवढी मोठी असावी.

मुदत वाढवायची वेळ आली तर जुन्या फ्लेक्सवर ‘मुदत वाढली’ अशी पट्टी चिकटवून भागत नाही, कारण कुठून कुठपर्यंत वाढली हे तिच्यावर नसतं. ‘१० नोव्हेंबरऐवजी आता रविवार, १५ नोव्हेंबर २०२६ पर्यंत’ अशी जुनी आणि नवी तारीख दोन्ही लिहावी, म्हणजे ज्याच्या मोबाइलवर जुना संदेश आहे त्यालाही आपला संदेश शिळा झाल्याचं कळेल. आणि मुदत संपली की दुसऱ्या दिवशी शटर वर करण्याआधी फ्लेक्स खाली उतरवावा.