एका पानात बसवा म्हणजे नक्की काय करा?

"हे जरा एका पानात बसवा" असं सांगणाऱ्याच्या मनात तीनपैकी एक गोष्ट असते. मजकूर कमी करा, अक्षर बारीक करा, किंवा मांडणी आवळा. ऐकणारा बहुधा सर्वांत सोपी निवडतो: अक्षर बारीक करतो. साहेबांना वाचायला कमी हवं असतं आणि हातात पडतं तेवढंच, फक्त डोळे ताणून वाचायचं.

म्हणून आधी कारण विचारावं. वेळ नाही म्हणून एक पान हवं असेल, तर शब्दच कापायला हवेत. ऑनलाइन अर्जाला एकाच पानाची फाइल चालते किंवा नोटीस फलकावर एकच कागद लावायचा आहे, अशी अडचण असेल, तर मांडणीने भागू शकतं.

एक अर्ज घेऊन बघू. समजा, सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या तक्रारीसाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं आहे. ए-फोर कागद, चारही बाजूंना एक इंच समास, १२ पॉइंटचं अक्षर, आणि मराठी मात्रा-वेलांट्यांना जागा मिळावी म्हणून ओळीमागे १८ पॉइंट. अशा पानावर ३८ ओळी मावतात. पत्र आहे ५१ ओळींचं, म्हणजे १३ ओळी पुढच्या पानावर.

समास एका इंचावरून दोन सेंटिमीटरवर आणले, तर उभ्या दोन ओळी वाढतात आणि प्रत्येक ओळही थोडी रुंद होते. ५१ ओळींच्या साधारण ४८ होतात, पानावर मावतात ४०. डावा समास याहून कमी करू नये, फायलीला लावताना पंचिंगचं भोक अक्षरांवर येतं.

उरलेल्या आठ ओळींसाठी अक्षर ११ पॉइंट केलं तर? एका पॉइंटने काय होणार, असं वाटतं. पण अक्षर लहान झालं की ओळीत शब्द जास्त बसतात आणि पानावर ओळीही जास्त बसतात. दोन्ही मिळून जवळजवळ एकोणीस टक्के जास्त मजकूर मावतो. आपलं पत्र बसेल, पण अगदी कडेपर्यंत. मग आवक शिक्का मारायला जागा राहत नाही, आणि पोच घेताना तो सहीवर येतो.

ओळींमधलं अंतर दाबण्याचा मोह मात्र टाळावा. वर्डमध्ये ओळीचं अंतर `Exactly` निवडून आकडा लहान ठेवला, तर इंग्रजी मजकूर निभावून जातो. मराठीत वरचे अनुस्वार आणि रफार कापले जातात. 'पाणी बंद'चं 'पाणी बद' होतं. वेगाने चाळताना हे दिसतही नाही. छापून एकदा फक्त ओळींच्या वरच्या कडा तपासाव्यात.

तेव्हा अक्षर १२च ठेवून आठ ओळी शब्दांतूनच काढू. पहिलं वाक्य असं आहे: "आपणांस कळविण्यात येते की, आमच्या सोसायटीमध्ये गेल्या काही दिवसांपासून पाणीपुरवठा अत्यंत कमी दाबाने होत असून त्यामुळे रहिवाशांना मोठ्या प्रमाणावर गैरसोयीला सामोरे जावे लागत आहे." चोवीस शब्द. त्याऐवजी: "गेल्या तीन आठवड्यांपासून पाण्याचा दाब कमी आहे, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही." बारा शब्द, आणि माहिती उलट जास्त. सरकारी मराठीत असं भरताड इतकं असतं, की आठ ओळी सहज निघतात.

त्याहून सोपी जागा परिच्छेदाच्या शेवटी असते. शेवटच्या ओळीत एकटंच 'आहे' उरलं असेल, तर त्या परिच्छेदातला एखादा शब्द काढला की पूर्ण ओळ वाचते. असे तीन परिच्छेद सापडले, तर तीन शब्दांत तीन ओळी.

बाकीचा तपशील, म्हणजे आधीच्या तक्रारींचे क्रमांक, तारखा, फ्लॅटवार यादी, 'सोबत' म्हणून वेगळ्या कागदावर जावा. १९४० च्या ऑगस्टमध्ये, ऐन युद्धात, चर्चिलने आपल्या खात्यांना अहवाल आटोपशीर ठेवायला सांगितलं, तेव्हाही तपशिलाचा भाग परिशिष्टात टाकायला सुचवलं होतं.

कधीकधी मजकूर बसलेला असतो, तरी दुसरं कोरं पान निघतं. `Ctrl+Shift+8` दाबलं की शेवटी साचलेल्या रिकाम्या ओळींच्या खुणा दिसतात, त्या पुसाव्यात. पत्र तक्त्याने संपत असेल, तर वर्ड त्याच्याखाली एक रिकामी ओळ ठेवतोच. ती पुसली जात नाही, पण तिचं अक्षर १ पॉइंट केलं की ती वर सरकते.

आणि वर्डची फाइल तशीच पाठवू नये. समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तोच मराठी फॉन्ट नसेल, तर दुसरा लागतो, ओळी फुगतात आणि सही एकटीच दुसऱ्या पानावर जाते. पीडीएफ करूनच पाठवावी.