आजीची चकलीची भाजणी: शेर, मापटं, चिपटं वाट्यांत कसं बसवायचं?

कुसगावच्या एका आजींच्या हातचं कार्ड त्यांच्या नातीला मिळालं: ‘तांदूळ 1 शेर, हरभराडाळ 1 मापटं, उडीदडाळ 1 चिपटं, धणे मूठभर, मोहन बेताचं.’

नात ग्रॅम शोधायला लागली. वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. पण इथला शेर मापाचा आहे, कारण मापटं आणि चिपटं ही धान्य भरून मोजायची भांडी. 2 चिपट्यांचं मापटं, 2 मापट्यांचा शेर. म्हणजे कार्डात दडलंय 4:2:1 हे प्रमाण! भांडं कुठलंही घ्या, फक्त तिन्हींना एकच हवं. नातीने 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभराडाळ, 1 वाटी उडीदडाळ घेतली. धुऊन, सावलीत वाळवून, प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजला.

राहिलं ‘बेताचं’. आजी म्हणाल्या, “अगं, मोहन घातलेलं पीठ मुठीत दाबून बघ. मुटका वळला की झालं.” नातीला वाटीभर भाजणीला चमचाभर कडकडीत तेल पुरलं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर कडक होते. म्हणून आधी एकच चकली तळून बघायची.

नातीने नव्या कार्डावर वाट्या लिहिल्या, आणि ‘बेताचं’च्या पुढे मुटक्याची खूण.

तुमच्या घरच्या कार्डावर कुठली मापं आहेत? फोटो टाका, मिळून उलगडू.